थोडी हवा, लांब ढकल : हायब्रिड गाड्यांतले अ‍ॅटकिन्सन चक्र

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण जितके दाबले जाते, जळल्यावर त्याहून जास्त फुगू द्यायचे, ही अ‍ॅटकिन्सन चक्रामागची मूळ कल्पना आहे. नेहमीच्या इंजिनात दाबणे आणि फुगणे या दोन्हींसाठी पिस्टन तेवढेच अंतर चालतो. अ‍ॅटकिन्सन चक्रात फुगण्याच्या वाटेला जास्त अंतर येते. या एवढ्याशा फरकामुळे इंजिन त्याच थेंबभर पेट्रोलमधून अधिक काम काढते, पण त्याच्या बदल्यात त्याची ताकद घटते. विजेच्या मोटरची साथ असलेल्या गाडीला हा व्यवहार परवडतो. टोयोटा प्रियसपासून भारतातल्या होंडा सिटी, इनोव्हा हायक्रॉस, अर्बन क्रूझर हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या हायब्रिड आवृत्त्यांपर्यंत हे चक्र दिसते ते त्यामुळेच.

नेहमीचे इंजिन ज्या चक्रावर चालते ते जर्मनीच्या निकोलाउस ओटो यांच्या १८७६ च्या इंजिनावरून ओळखले जाते. त्यात चार टप्पे असतात. पिस्टन खाली येताना मिश्रण आत ओढले जाते, वर जाताना ते दाबले जाते, ठिणगी पडून पेट घेतल्यावर तापलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो आणि पिस्टन पुन्हा वर जाताना जळका धूर बाहेर जातो. काम मिळते ते फक्त तिसऱ्या टप्प्यात. पिस्टन तळाशी पोहोचेपर्यंत वायूचा दाब उतरत जातो, पण तो पुरता संपत नाही. इंजिन भरपूर ताकद देत असताना बाहेरचा व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हाही आतला दाब बाहेरच्या हवेच्या काही पट उरलेला असतो. त्या वायूला आणखी जागा मिळाली असती, तर त्याने पिस्टन अजून ढकलला असता. जागा नसल्याने तो धाडकन सायलेन्सरकडे सुटतो आणि पेट्रोलमधून आलेली ती शक्ती उष्णता आणि आवाज होऊन वाया जाते.

ब्रिटिश अभियंता जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी १८८० च्या दशकात या वाया जाणाऱ्या ढकलीला हात घातला. ओटोच्या पेटंटच्या कक्षेत न येणारे इंजिन बनवणे ही त्या काळच्या अभियंत्यांची गरज होती आणि अ‍ॅटकिन्सन यांच्या प्रयत्नांनाही ती पार्श्वभूमी होती. १८८७ मध्ये पेटंट मिळालेल्या त्यांच्या इंजिनात पिस्टन आणि क्रँक यांच्यामध्ये सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांची एक साखळी होती. त्यामुळे क्रँकच्या एकाच फेरीत चारही टप्पे पुरे होत आणि प्रत्येक टप्प्यात पिस्टन वेगवेगळे अंतर कापत असे. हवा घेताना आणि दाबताना तो थोडा चाले, वायू फुगताना बराच लांब जाई. कल्पना अचूक होती, पण इतके सांधे म्हणजे तितकी झीज, तितके वजन आणि वेगावर तितकी मर्यादा. एका जागी बसवलेल्या, संथ चालणाऱ्या इंजिनांपलीकडे तिचा फारसा प्रसार झाला नाही. मोटारगाड्यांनी ओटोची सोपी रचनाच स्वीकारली.

आजच्या हायब्रिड गाडीत अ‍ॅटकिन्सन यांच्या दांड्या शोधून सापडणार नाहीत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळे नेहमीचेच असते आणि पिस्टन चारही वेळा सारखेच अंतर चालतो. बदललेली असते ती हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची बंद होण्याची वेळ. साध्या इंजिनात पिस्टन तळ गाठून वर निघाल्यावर हा व्हॉल्व्ह थोड्या वेळाने बंद होतो. अ‍ॅटकिन्सन पद्धतीच्या इंजिनात तो बराच उशिरापर्यंत उघडा ठेवतात. पिस्टन वर चढू लागतो, पण दार उघडे असल्यामुळे काही दाबले जात नाही. नुकतीच आत आलेली हवा थोडीशी मागे, ज्या नळीतून आली त्या मॅनिफोल्डमध्ये परतते. मग व्हॉल्व्ह बंद होतो आणि तिथून खरे दाबणे सुरू होते. परत गेलेली हवा वाया जात नाही. तिच्यासोबत थोडे पेट्रोल गेले असले तरी लगेच दुसऱ्या सिलिंडरची ओढण्याची पाळी येते आणि ते तिकडे खेचले जाते.

व्हॉल्व्हच्या वेळेशी खेळण्याची ही युक्ती अमेरिकेतले अभियंता राल्फ मिलर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली. त्यांच्या रचनेत हवा बाहेरून पंपाने दाबून भरली जात असे. त्यामुळे वाहन उद्योगात साधारणपणे असा पंप असेल तर मिलर चक्र आणि नसेल तर अ‍ॅटकिन्सन चक्र म्हणण्याची रीत पडली. इतिहासाच्या दृष्टीने आजच्या गाड्यांवर मिलर यांचा हक्क जास्त आहे, पण रूढ झालेले नाव अ‍ॅटकिन्सन यांचे आहे आणि मूळ हेतूही त्यांचाच. दांड्यांची अस्सल रचना मात्र पुरती विस्मृतीत गेली नाही. होंडाने जपानमध्ये घरगुती वीज आणि गरम पाणी पुरवणाऱ्या गॅसच्या छोट्या यंत्रासाठी ती पुन्हा वापरली. त्या इंजिनात ११० घन सेंटीमीटर मिश्रण आत येते आणि जळल्यावर १६३ घन सेंटीमीटरपर्यंत फुगते. एका जागी, एका ठराविक वेगाने चालणाऱ्या यंत्राला ते साधते.

उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा हिशेब एका खऱ्या इंजिनावर मांडता येतो. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये दीड लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ८४.७ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ३७४ घन सेंटीमीटर जागा मोकळी करतो. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जी पोकळी उरते ती सुमारे ३१ घन सेंटीमीटरची. पिस्टन तळाशी असताना एकूण जागा ४०५ आणि वर असताना ३१, म्हणून कागदावरचे प्रमाण १३ ला १. आता समजा, पिस्टनने वरच्या वाटेचा पाव भाग कापल्यावर व्हॉल्व्ह बंद झाला. तोवर ९४ घन सेंटीमीटर हवा परत गेलेली असेल. उरलेली सुमारे ३११ घन सेंटीमीटर हवा ३१ मध्ये दाबली जाईल, म्हणजे दाबण्याचे खरे प्रमाण १० ला १ एवढेच. जळल्यावर मात्र तोच वायू ३१ पासून थेट ४०५ पर्यंत फुगेल. दाबणे दहापट, फुगणे तेरापट. अ‍ॅटकिन्सन यांना दांड्यांच्या जंजाळातून जे हवे होते ते इथे नुसत्या दाराच्या वेळेने मिळते. पाव भाग हा आकडा हिशेब समजण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्षात गाडीचा संगणक ही वेळ गरजेप्रमाणे सतत पुढेमागे करत असतो.

इतका खटाटोप करण्यापेक्षा दाबण्याचे प्रमाणच थेट तेरापट का करू नये, हा प्रश्न इथे साहजिक आहे. सायकलला हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते, कारण दाबलेली हवा तापते. सिलिंडरमध्ये मिश्रण फार दाबले, तर ते इतके तापते की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच त्याचा कोपऱ्यातला भाग आपोआप भडकतो. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. चढावर जोर दिल्यावर इंजिनातून येणारा टकटक आवाज तो हाच, आणि तो फार काळ चालला तर पिस्टनला इजा होते. साध्या पेट्रोलवर भर ताकदीने चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या इंजिनाला म्हणूनच दहा-अकरापटीच्या आसपास थांबावे लागे. अ‍ॅटकिन्सन पद्धतीत दाबणे मर्यादेत राहते, त्यामुळे नॉकिंगचा धोका वाढत नाही, आणि फुगणे मात्र त्या मर्यादेच्या पलीकडे नेता येते.

दुसरा फायदा तितकाच मोठा आहे, पण तो सहसा सांगितला जात नाही. साध्या पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर कमी दाबला, की हवेच्या वाटेवरची थ्रॉटल नावाची झडप जवळजवळ मिटते. इंजिनाला हवा कमी मिळते आणि म्हणून ताकदही कमी निघते. पण पिस्टनला तर खाली यायचेच असते. सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या मागे ओढला तर हाताला जो ताण जाणवतो, तोच ताण मिटलेल्या थ्रॉटलमागे पिस्टनला दर खेपेस सोसावा लागतो. ही ओढाताण करायला लागणारी शक्ती पेट्रोलमधूनच येते. शहरातल्या रहदारीत गाडी बहुतेक वेळ अशीच अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलवर चालते, आणि तिथे साधे पेट्रोल इंजिन सर्वांत उधळे ठरते. अ‍ॅटकिन्सन पद्धतीत हवा कमी ठेवायची असेल तर दार चिणून बसण्याची गरज नसते. थ्रॉटल बरीचशी उघडी ठेवून हवा मोकळेपणी आत घ्यायची आणि नको असलेली व्हॉल्व्हच्या वाटेनेच परत जाऊ द्यायची. सिरिंजच्या तोंडावरचे बोट काढल्यासारखे होते.

याची किंमत ताकदीत मोजावी लागते. प्रियसच्या वरच्या हिशेबात दीड लिटरच्या इंजिनाने प्रत्यक्षात सव्वा लिटरहूनही कमी हवा धरून ठेवली. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणून जोर कमी. त्याच व्यास-चालीचे टोयोटाचे साधे दीड लिटरचे इंजिन सुमारे १०५ ते ११० हॉर्सपॉवर देत असे. प्रियसमधल्या त्याच्या भावंडाची मजल ७६ वर थांबली. यातला काही भाग व्हॉल्व्हच्या उशिराचा आणि काही कमी वेगाचा आहे, कारण घर्षण घटवण्यासाठी हलके भाग वापरून इंजिनाची फिरण्याची मर्यादा मिनिटाला ५००० फेऱ्यांवर ठेवली होती. सर्वांत जास्त अडचण होते ती कमी वेगाला. इंजिन सावकाश फिरत असताना हवेला परत जायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे सिग्नलवरून निघताना जो दम लागतो तिथेच हे इंजिन लेचेपेचे पडते. नुसत्या अशा इंजिनावर गाडी विकली असती, तर पहिल्याच चढावर गिऱ्हाईक नाराज झाले असते. साध्या गाड्यांनी हे चक्र शंभर वर्षे दूर ठेवले, यात त्यांची चूक नव्हती.

विजेच्या मोटरचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. ती जागेवरून हलतानाच आपला पूर्ण जोर लावू शकते. इंजिन जिथे कमी पडते तिथे मोटर सर्वांत बळकट असते, आणि म्हणून हायब्रिडमध्ये दोघांचे जमते. गाडी मोटर सुरू करते आणि वेग आल्यावर इंजिन कामाला लागते. ओव्हरटेक करताना दोघे मिळून जोर लावतात. टोयोटाच्या रचनेत इंजिन आणि दोन विजेची यंत्रे एका ग्रहमालेसारख्या गिअरच्या जोडणीने बांधलेली असतात. त्यामुळे चाकांचा वेग काहीही असला तरी इंजिनाचा वेग बराच स्वतंत्रपणे ठरवता येतो. इंजिनाला ज्या वेगात आणि ज्या भाराला किफायत सर्वांत जास्त, त्याच्या जवळपास संगणक त्याला ठेवतो. जास्तीची ताकद बॅटरीत जाते, कमी पडली तर बॅटरीतून येते, आणि भार फारच हलका असेल तर इंजिन बंदच होते. अरुंद पट्ट्यातच गुणी असलेल्या इंजिनाला त्या पट्ट्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

हायब्रिडचे इंजिन दिवसभरात शेकडो वेळा बंद होऊन सुरू होते, आणि इथेही उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह उपयोगी पडतो. सुरू होताना ही वेळ अगदी उशिरावर नेलेली असते. दाबायला हवाच कमी असल्याने इंजिन हलकेच फिरते आणि गाडीत बसलेल्यांना हादरा जाणवत नाही.

या सगळ्यातून किती बचत होते, हे इंजिनाच्या कार्यक्षमतेवरून कळते. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी चाकांकडे जाण्याजोगे काम किती झाले, त्याचे ते प्रमाण. साधी चांगली पेट्रोल इंजिने आपल्या सर्वोत्तम क्षणी पस्तीस टक्क्यांच्या आगेमागे असतात. टोयोटाच्या सांगण्याप्रमाणे २००९ च्या प्रियसच्या इंजिनाने ३८.५ टक्के गाठले आणि २०१५ च्या पिढीने ४० टक्के. त्यात धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्यासारख्या इतर सुधारणाही आहेत. चार-पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण पस्तिसावरून चाळिसावर जाणे म्हणजे तेवढ्याच कामासाठी आठवा हिस्सा पेट्रोल कमी लागणे. शिवाय हा सर्वोत्तम क्षणाचा आकडा झाला. थ्रॉटलची ओढाताण घटल्याचा लाभ अर्ध्या भारावर मिळतो, तो वेगळा.

भारतातल्या एका गाडीत ही तुलना समोरासमोर दिसते. ग्रँड विटारा २०२२ मध्ये दोन इंजिनांसह आली. साध्या चक्राचे १४६२ घन सेंटीमीटरचे इंजिन सुमारे १०३ हॉर्सपॉवर देते. हायब्रिड आवृत्तीतले १४९० घन सेंटीमीटरचे अ‍ॅटकिन्सन इंजिन आकाराने थोडे मोठे असून सुमारे ९२ च देते, पण मोटर धरून गाडीची एकूण ताकद ११५ च्या वर जाते. कंपनीने जाहीर केलेले मायलेज पहिल्या गाडीसाठी मॅन्युअल गिअरसह लिटरला २१.११ किलोमीटर आणि हायब्रिडसाठी २७.९७ होते. हा सगळा फरक अ‍ॅटकिन्सन चक्राच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. ब्रेक लावताना परत मिळणारी वीज आणि सिग्नलवर बंद राहणारे इंजिन यांचा त्यात मोठा वाटा आहे. गर्दीच्या रस्त्यावर हे दोन वाटे मोठे होतात. मोकळ्या महामार्गावर ब्रेकही नाहीत आणि थांबणेही नाही, तिथे हायब्रिडची आघाडी कमी होते आणि जी उरते तिच्यात इंजिनाच्या चक्राचा भाग ठळक असतो.

व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा अनेक इंजिनांत तेलाच्या दाबावर चालते, त्यामुळे इंजिन ऑइल वेळेवर न बदलल्याचा पहिला फटका तिला बसतो. गाळ धरलेल्या तेलाने ती अडकली तर तपासणीच्या यंत्रावर P0011 किंवा P0012 असे कोड दिसतात. पहिल्याचा अर्थ वेळ ठरल्यापेक्षा अलीकडे आली, दुसऱ्याचा अर्थ पलीकडे गेली. हवेचा व्हॉल्व्ह लवकर बंद होऊ लागला, तर तेरापट दाबण्याची कागदावरची मर्यादा खरोखर जवळ येते. मग नॉकिंग टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, मायलेज उतरते आणि इंजिन सुरू होताना धक्का बसू लागतो. उलट वेळ उशिरावर अडकली तर इंजिन आणखी अशक्त होते आणि मोटरवरचा भार वाढतो. पूर्वी नकळत सुरू होणारे इंजिन आता हादरून सुरू होते, एवढे लक्षण तपासणीला जाण्यासाठी पुरेसे असते.

या जोडगोळीची खरी परीक्षा घाटात होते. हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या हायब्रिडची बॅटरी ०.७६ युनिटची आहे, म्हणजे जेमतेम पाऊण युनिट वीज, आणि तीही तळापर्यंत वापरली जात नाही. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. चार माणसांसह १५५० किलो भरणारी गाडी तेवढी उंच न्यायला, रस्त्याचे आणि हवेचे घर्षण सोडून नुसत्या उचलण्यासाठी, सव्वादोन युनिटांहून थोडी जास्त शक्ती लागते. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या ती तिप्पट आहे. म्हणजे घाटाचा बहुतेक चढ इंजिनालाच ओढावा लागतो. बॅटरी उतरू लागली की संगणक इंजिनाच्या फेऱ्या वाढवतो आणि व्हॉल्व्ह लवकर बंद करून हवा जास्त धरतो. किफायतीपेक्षा जोराकडे त्याचा कल झुकतो. वेग फारसा वाढत नसताना इंजिनाचा आवाज चढत जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यात बिघाड वाटतो, पण ठरल्याप्रमाणे चाललेली ती यंत्रणाच असते.

उताराला याच्या उलट घडते. गाडी खाली येताना मोटर वीज बनवते, पण पाऊण युनिटाची बॅटरी घाट संपण्याच्या कितीतरी आधी भरते. त्यानंतर गाडीला रोखण्याचे काम इंजिनाच्या अंगावर येते, आणि गिअरच्या दांड्यावरची B ही जागा त्यासाठीच असते. ती निवडली की पेट्रोलचा पुरवठा बंद राहून इंजिन नुसते फिरवले जाते आणि आत ओढलेल्या हवेशी झुंजताना गाडीचा वेग आवरला जातो. तेव्हाही इंजिनाचा आवाज मोठा येतो, मात्र त्यात पेट्रोल जळत नसते.